एका व्ह्यूपोर्टमध्ये मजकूर बरोबर, दुसऱ्यात गायब किंवा पाचपट मोठा: ॲनोटेटिव्ह स्केलची जुळणी कशी तपासावी

एकाच शीटवर मजल्याचा आराखडा १:१०० ला आणि त्यातल्याच स्नानगृहाचा तपशील १:२० ला दाखवायचा असतो. भिंती एकदाच काढलेल्या असतात, व्ह्यूपोर्ट दोन असतात, आणि मजकुराची उंची कागदावर दोन्हीकडे २.५ मिमी हवी असते. ऑटोकॅडमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून ॲनोटेटिव्ह टेक्स्ट आणि डायमेन्शन नेमक्या याच कामासाठी आहेत. तरीही तक्रार वारंवार तीच येते. आराखड्यात सगळे नीट दिसते, पण तपशिलाच्या व्ह्यूपोर्टमध्ये डायमेन्शन एक तर दिसतच नाहीत, नाहीतर राक्षसी आकाराची दिसतात. दुरुस्त केले तरी आठवड्याभरात दुखणे परत उद्भवते, आणि शेवटी कंटाळून कोणीतरी प्रत्येक स्केलसाठी वेगळा लेयर करून व्ह्यूपोर्ट फ्रीझ करण्याच्या जुन्या पद्धतीकडे वळतो. ती पद्धत चुकीची नाही, परंतु तीत तोच मजकूर दोनदा लिहावा लागतो आणि दुरुस्तीच्या वेळी त्यातला एक हमखास जुनाच राहून जातो.

हा दोष परत परत येण्याचे कारण असे की तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण बोलताना एकच नाव देतो, ते म्हणजे ‘स्केल’. पहिली गोष्ट म्हणजे व्ह्यूपोर्टचे स्केल, अर्थात त्या चौकटीत मॉडेल किती लहान करून दाखवले आहे ते. दुसरी म्हणजे त्याच व्ह्यूपोर्टचे ॲनोटेशन स्केल, जे मजकुराला सांगते की तू स्वतःला किती पट मोठे करायचे आहेस. तिसरी म्हणजे त्या एकेका टेक्स्टने किंवा डायमेन्शनने स्वतःजवळ बाळगलेली स्केलची यादी. या तिन्ही जागी १:२० असेल तरच १:२० च्या चौकटीत २.५ मिमीचा मजकूर दिसतो. एका जागी जरी फरक पडला तरी दोष दिसतो, आणि दोषाचे रूप पाहून फरक कोणत्या जागी आहे ते बहुतेक वेळा ओळखता येते.

आधी दोषाचे निदान

वरच्याच शीटचे उदाहरण घेऊ. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आहे. २.५ मिमी उंचीचा मजकूर १:१०० साठी मॉडेलमध्ये २५० एकक उंचीचा होतो आणि १:२० साठी ५० एकक उंचीचा. आता तपशिलाच्या व्ह्यूपोर्टमध्ये अक्षरे मोठी दिसत असतील तर लेआउटवर जाऊन कागदाच्या मापाने त्यांची उंची मोजावी. ती १२.५ मिमी भरली, तर २५० भागिले २० हा हिशेब लगेच जुळतो. याचा अर्थ, १:२० च्या चौकटीत १:१०० साठीचे अक्षर दिसत आहे.

हे तीन कारणांनी होऊ शकते. एक, त्या मजकुराच्या यादीत १:२० नाहीच. दोन, यादीत आहे, पण व्ह्यूपोर्टचे ॲनोटेशन स्केल अजून १:१०० वर अडकले आहे. तीन, तो मजकूर मुळात ॲनोटेटिव्ह नाहीच, कोणीतरी २५० उंची हाताने टाकलेला साधा टेक्स्ट आहे. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून लोक अंदाजाने उपाय करत बसतात. वेगळे ओळखण्यासाठी लेआउटवर असताना पुढील आज्ञा द्यावी.

```
ANNOALLVISIBLE
0
```

हिची किंमत `1` असते तेव्हा चालू स्केलला न जुळणारा मजकूरही दाखवला जातो, तोही त्याच्या स्वतःच्या स्केलच्या आकारात, आणि मूळ सेटिंग `1` हेच आहे. `0` केल्याबरोबर ते मोठे अक्षर नाहीसे झाले तर पहिले कारण निश्चित झाले, म्हणजे मजकूर ॲनोटेटिव्ह आहे पण त्याच्या यादीत १:२० नाही. ते जागचे हलले नाही तर दुसरे किंवा तिसरे. त्या दोहोंत निवड करायची तर अक्षरावर कर्सर क्षणभर थांबवावा. ॲनोटेटिव्ह असेल तर कर्सरजवळ त्रिकोणी मोजपट्टीच्या छेदासारखे छोटे चिन्ह उमटते, आणि एकापेक्षा अधिक स्केल असतील तर अशी दोन चिन्हे दिसतात. चिन्हच नसेल तर तो साधा टेक्स्ट आहे.

हे मूल्य मॉडेलसाठी आणि प्रत्येक लेआउटसाठी स्वतंत्रपणे साठवले जाते, ही बाब फार जणांच्या ध्यानात नसते. मॉडेलमध्ये `0` केले म्हणून लेआउटमध्ये ते लागू होत नाही. एका लेआउटवर सगळे स्वच्छ आणि दुसऱ्यावर नको ती डायमेन्शन दिसतात, ती बहुधा याच कारणाने.

कारण पहिले: यादीत स्केल नाही

नवीन डायमेन्शन काढताना तिला त्या क्षणीचे एकच ॲनोटेशन स्केल मिळते. मॉडेलमध्ये १:१०० चालू ठेवून सगळी मापे टाकली की त्या सर्वांच्या यादीत फक्त १:१०० असते. आता त्यातली जी मापे तपशिलातही हवी आहेत, तेवढीच निवडून `OBJECTSCALE` आज्ञा द्यावी. उघडणाऱ्या खिडकीत Add दाबून १:२० जोडावे. तपशिलाच्या व्ह्यूपोर्टमध्ये शिरून, तिथे १:२० चालू असताना, `AIOBJECTSCALEADD` दिली तरी निवडलेल्यांना तेच स्केल जोडले जाते, आणि हा मार्ग मला अधिक सोयीचा वाटतो, कारण काय दिसायला हवे ते डोळ्यांसमोर असते. निवड करता यावी म्हणून तेवढ्यापुरते `ANNOALLVISIBLE` `1` करावे लागते. दिसत नाही ते निवडता येत नाही.

‘जेवढी हवीत तेवढीच’ यावर मी भर देतो. सर्व मजकुराला सर्व स्केल देऊन टाकणे सोपे वाटते, पण त्याने ॲनोटेटिव्ह पद्धतीचा निम्मा उपयोग वाया जातो. खोलीचे नाव दोन्हीकडे लागते, म्हणून त्याला दोन्ही स्केल द्यावीत. नळाच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर १:१०० च्या आराखड्यात कोणी वाचणार नाही, म्हणून ते फक्त १:२० ठेवावे. असे केले की कोणत्या चौकटीत काय दिसावे हे मजकूर स्वतःच ठरवतो, आणि स्केलनिहाय लेयर करण्याची गरज पुष्कळशी उरत नाही.

नेमक्या याच जागी सगळ्यात मोठा घोटाळा होतो, तो `ANNOAUTOSCALE` मुळे. ही आज्ञा चालू असताना, म्हणजे तिची किंमत `1` ते `4` यांपैकी असताना, ॲनोटेशन स्केल नुसते बदलले तरी नवे स्केल ड्रॉइंगमधल्या चालू स्केलला जुळणाऱ्या ॲनोटेटिव्ह वस्तूंना आपोआप जोडले जाते. `4` असेल तर बंद, गोठवलेल्या किंवा कुलूपबंद लेयरवरच्या वस्तूसुद्धा सुटत नाहीत. स्टेटस बारवरचे तिचे बटण स्केलच्या यादीला लागूनच असते, आणि ते चुकून दाबले जाणे अगदी सहज घडते. माझ्या एका ड्रॉइंगमध्ये मी आराखड्याचे स्केल सहज १:५० करून पाहिले आणि परत १:१०० केले. वरवर काही बदललेले दिसले नाही. नंतर १:५० चा तिसरा व्ह्यूपोर्ट लावला तेव्हा त्यात आराखड्याची सगळी मापे एकमेकांवर चढून बसलेली होती.

त्यामुळे किंमत `-4` वर ठेवावी. ऋण किंमत म्हणजे बंद, आणि मूळ सेटिंगही तेच आहे. नको असलेले स्केल चिकटले आहे हे लगेच लक्षात आले तर `U` देऊन मागे यावे. उशिरा कळले तर आधी किंमत ऋण आहे याची खात्री करावी, मग ते नको असलेले स्केल चालू करून त्यात दिसणारी सगळी डायमेन्शन निवडावीत आणि `AIOBJECTSCALEREMOVE` द्यावी. ही आज्ञा निवडलेल्या वस्तूंमधून चालू स्केल काढून टाकते. जी मापे त्या स्केलला खरोखर हवी आहेत, ती निवडीतून आधीच वगळावीत.

कारण दुसरे: व्ह्यूपोर्टची दोन स्केल फुटली

व्ह्यूपोर्ट निवडून स्टेटस बारच्या यादीतून १:२० घेतले की व्ह्यूपोर्टचे स्केल आणि ॲनोटेशन स्केल दोन्ही एकदमच १:२० होतात. म्हणून पहिल्या दिवशी सगळे बरोबर असते. मात्र व्ह्यूपोर्टच्या आत शिरून माऊसचे चाक फिरवले की व्ह्यूपोर्टचे स्केल बदलते आणि ॲनोटेशन स्केल आहे तिथेच राहते. जुन्या सवयीने `ZOOM` देऊन `1/20xp` टाइप करणाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडते. चौकटीतले चित्र १:२० ला येते, पण मजकुराला त्याची वार्ता नसते.

चाकाने झालेला फरक थोडा असतो आणि त्यामुळे अधिक फसवा असतो. १:१०० ची चौकट चुकून १:८७.३ वर सरकली तर २.५ मिमीचा मजकूर २.५ गुणिले १०० भागिले ८७.३, म्हणजे सुमारे २.८६ मिमीचा छापला जातो. नुसत्या नजरेला हे कळत नाही. कळते ते प्रिंटवर पट्टी लावणाऱ्याला, आणि तो मजकुराची नव्हे, भिंतीची लांबी मोजत असतो, तेव्हा खरी अडचण अक्षराच्या उंचीपेक्षा मोठी असते.

तपासण्यासाठी व्ह्यूपोर्टची चौकट निवडून प्रॉपर्टीज पॅलेटमध्ये Annotation scale, Standard scale आणि Custom scale या तीन ओळी एकाखाली एक वाचाव्यात. Standard scale समोर Custom असे आले तर चौकट हलली आहे असे समजावे. १:२० साठी Custom scale समोर 0.05 हवे. फरक आढळला तर यादीतून हवे ते स्केल पुन्हा निवडावे, चित्र चौकटीत नीट बसवून घ्यावे, आणि त्याच पॅलेटमध्ये Display locked समोर Yes करावे. कुलूप लावल्यानंतर आत शिरून चाक फिरवले तरी संपूर्ण कागद जवळ-दूर होतो, आतले स्केल हलत नाही. हा दोष पुन्हा पुन्हा होण्याचे निम्मे मूळ या एका कुलपाच्या अभावात असते, असा माझा अनुभव आहे.

कारण तिसरे: मजकूर ॲनोटेटिव्ह नाहीच

जुन्या ड्रॉइंगमधला २५० उंचीचा टेक्स्ट निवडून प्रॉपर्टीजमध्ये Annotative समोर Yes केले की काम झाले असे वाटते. पण इथे क्रम महत्त्वाचा आहे. बदल करताना ऑटोकॅड मॉडेलमधली उंची कायम ठेवते आणि चालू ॲनोटेशन स्केलने भागून कागदावरची उंची ठरवते. त्या वेळी १:१०० चालू असेल तर २५० ची २.५ होते, जे हवे आहे. १:१ चालू असेल, आणि नवीन टेम्प्लेटवर बहुधा तेच असते, तर कागदावरची उंची २५० मिमी नोंदली जाते. मग पुढे १:१०० जोडले की ते अक्षर मॉडेलमध्ये २५,००० एककांचे होते आणि इमारतीपेक्षा मोठे दिसते. म्हणून आधी `CANNOSCALE` पाहावे, तो मजकूर ज्या स्केलसाठी लिहिला होता ते चालू करावे, आणि नंतरच Yes करावे. झाल्यावर Paper text height समोर २.५ आहे ना हे वाचून घ्यावे.

स्टाइलमध्ये ॲनोटेटिव्हची खूण केली म्हणून त्या स्टाइलमध्ये आधी लिहिलेला मजकूर बदलत नाही. तो `ANNOUPDATE` देऊन, निवडून, स्टाइलशी जुळवून घ्यावा लागतो. डायमेन्शन स्टाइलमध्ये ही खूण Fit या पानावर असते. तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट तपासावी. डायमेन्शन स्टाइल ज्या टेक्स्ट स्टाइलचा आधार घेते, तिच्यात उंची शून्य असावी. तिथे एखादी ठराविक उंची भरलेली असेल तर डायमेन्शन स्टाइलमध्ये लिहिलेली उंची विचारात घेतलीच जात नाही, आणि आपण चुकीच्या खिडकीत आकडे बदलत राहतो.

ड्रॉइंग मीटरमध्ये असेल तर यादीतले तयार १:१०० उपयोगाचे नाही, कारण ते कागदावरचे एक एकक ड्रॉइंगमधल्या शंभर एककांशी जोडते. `SCALELISTEDIT` मध्ये स्वतःचे स्केल करून कागदाचे १ एकक आणि ड्रॉइंगचे ०.१ एकक अशी जोडी द्यावी. मग २.५ मिमीचा मजकूर मॉडेलमध्ये ०.२५ मीटरचा होतो.

तिन्ही जुळूनही मजकूर दिसत नाही तेव्हा

निदान करून तिन्ही स्केल जुळवली, कर्सरवर दोन त्रिकोणही दिसतात, तरीही तपशिलात माप दिसत नाही, अशी एक अवस्था उरते. हिच्यावर थोडे थांबायला हवे, कारण इथे सॉफ्टवेअर अगदी बरोबर वागत असते.

स्नानगृह आतून २१०० बाय १५०० मिमी आहे असे धरू. १:१०० वर ते कागदावर २१ बाय १५ मिमी येते आणि १:२० वर १०५ बाय ७५ मिमी. आराखड्यात २१०० चे माप भिंतीपासून कागदावर ८ मिमी दूर ठेवले, म्हणजे मॉडेलमध्ये ८०० मिमी. आता त्याच मापाला १:२० जोडले. अक्षरे आणि बाणांची टोके १:२० ला साजेशी लहान झाली, पण मापरेषेची जागा मॉडेलमध्ये ८०० मिमीवरच राहिली. १:२० च्या चौकटीत ८०० म्हणजे कागदावर ४० मिमी. चौकटीत भिंतीबाहेर २५ मिमीच जागा ठेवली असेल तर मापरेषा कडेच्या पलीकडे गेली. ती नाहीशी झालेली नाही, चौकटीबाहेर आहे. आकार स्केलप्रमाणे आपोआप बदलतो, जागा बदलत नाही.

उपाय असा की तपशिलाच्या व्ह्यूपोर्टमध्ये शिरावे. मापरेषा चौकटीबाहेर असल्याने मॉडेल टॅबवर जाऊन तिथे १:२० चालू केले तरी चालते. मग माप निवडावे. निवडल्यावर त्याच मापाचे १:१०० चे रूप मागे फिकट दिसते, कारण `SELECTIONANNODISPLAY` सहसा `1` असते. मापरेषेवरचा ग्रिप पकडून ती भिंतीपासून १६० मिमीवर आणावी, कारण ८ गुणिले २० म्हणजे १६०. ग्रिपने हलवल्यावर फक्त चालू स्केलचे रूप हलते आणि १:१०० चे रूप ८०० वरच राहते. हेच काम `MOVE` ने केले तर सगळी रूपे एकदम सरकतात आणि इकडचे बसवताना तिकडचे विस्कटते. ‘तपशील नीट केला की आराखडा बिघडतो’ ही तक्रार बहुधा याच फरकातून येते.

जागा अशी एकेक करून लावल्यानंतर `ANNORESET` पासून सावध राहावे. ही आज्ञा निवडलेल्या वस्तूंच्या सर्व स्केलच्या जागा चालू स्केलच्या जागेवर आणून ठेवते. एखाद्या मापाचा पार गोंधळ झाला असेल तर ती उपयोगी आहे, पण सगळे निवडून दिली तर तासभराची मांडणी एका क्षणात पुसली जाते.

दुरुस्ती करताना

मॉडेलमध्ये भिंत सरकवायची असेल तेव्हा `ANNOALLVISIBLE` `1` करून घ्यावे. ते `0` असताना १:१०० मध्ये काम करत असाल तर फक्त १:२० चे मजकूर अदृश्य असतात, `STRETCH` च्या निवडीत ते येत नाहीत, आणि भिंत निघून गेल्यावर टिपणे जुन्या जागी उरतात. भिंतीला जोडलेली डायमेन्शन बहुतांशी भिंतीमागोमाग येतात. साधी टिपणे येत नाहीत. काम झाल्यावर लेआउटवर `0` आहे याची खात्री करून मगच प्रिंट द्यावी.

मजकूर दुसऱ्या ड्रॉइंगमधून एक्सरेफने आला असेल तर तुमच्या फाइलमध्ये त्याला स्केल जोडता येत नाही. मूळ फाइल उघडून तिथेच १:२० जोडावे, जतन करावे आणि मग एक्सरेफ रीलोड करावा. जुन्या आवृत्त्यांत एक्सरेफांबरोबर त्यांची स्केलही यादीत येतात आणि यादी `_XREF` ने संपणाऱ्या नावांनी लांबत जाते. तिच्यात चुकीची ओळ निवडली जाण्याचा धोका वाढतो, म्हणून अधूनमधून ती साफ करावी.

```
-SCALELISTEDIT
R
Y
E
```

यामुळे यादी मूळ स्थितीला येते. मीटरच्या ड्रॉइंगसाठी स्वतः केलेले स्केल अजून कशालाही जोडलेले नसेल तर तेही जाऊ शकते, म्हणून साफ केल्यावर ते यादीत आहे का ते पाहून घ्यावे आणि नसल्यास पुन्हा तयार करावे.